शेवटच्या पेपरला नेमके किती गुण हवेत?

माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. लासलगावजवळच्या गावातून नाशिकला आली आणि आमच्याकडे इंदिरानगरला राहून शिकते. गेल्या सत्रात शेवटच्या पेपरच्या दिवशी ती तापाने फणफणली होती, त्यामुळे तो पेपर बुडाला. कॉलेजने पुनर्परीक्षा ठेवली. बाकीच्या चार पेपरांचा निकाल तोवर लागलेला होता: ५८, ४९, ६७ आणि ६१. सगळे पेपर शंभराचे. अंबडच्या एका कंपनीच्या भरतीत बसायचं तर सत्राची सरासरी किमान ६० हवी, अशी अट होती.

एका संध्याकाळी ती वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मामा, मला लेखीत फक्त अडतीस लागतात. सत्तरपैकी अडतीस. होऊन जाईल."

पाचव्या पेपरात अंतर्गत परीक्षेचे ३० आणि लेखीचे ७० गुण. अंतर्गत परीक्षा आधीच झाली होती आणि त्यात तिला २४ मिळाले होते. म्हणजे तिच्या हिशोबाने त्या पेपरात एकूण ६२ हवे होते, त्यातून २४ वजा केले की ३८. मी विचारलं, बासष्ट आले कुठून?

तिने वही पुढे केली. चार पेपरांची सरासरी ५८.७५. आता ५८.७५ आणि शेवटचा पेपर मिळून सरासरी ६० व्हायला हवी, म्हणजे दोघांची बेरीज १२० हवी. १२० वजा ५८.७५ म्हणजे ६१.२५. पूर्ण गुण हवेत म्हणून ६२.

हा हिशोब दिसायला अगदी व्यवस्थित आहे आणि साफ चुकीचा आहे. मी शिकवणी घेतो. ही चूक मी दहावीच्या मुलांच्या वहीत पाहिली आहे, तशी नोकरी करत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांच्या वहीतही पाहिली आहे. चार पेपरांची सरासरी हा एक आकडा आहे, पण त्याच्यामागे चार पेपर उभे आहेत. त्याच्यासमोर एकटा पाचवा पेपर ठेवून दोघांना अर्धा-अर्धा वाटा दिला, तर पाचव्या पेपराची ताकद उगीचच अडीचपट होते. पाच पेपरांत त्याचा खरा वाटा पाचवा हिस्सा, आणि तिच्या हिशोबात तो अर्धा झाला होता.

मी तिला ताळा करायला लावला. ५८, ४९, ६७, ६१ आणि ६२. बेरीज २९७, भागिले ५ म्हणजे ५९.४. साठ झालेच नाहीत. हा ताळा कुणीही, कुठेही करावा: आलेलं उत्तर परत यादीत बसवायचं आणि सरासरी काढून पाहायची. अर्धं मिनिट लागतं.

खरी रीत एका वाक्याची आहे. सरासरीचा विचार सोडायचा आणि एकूण गुणांचा करायचा. पाच पेपरांची सरासरी ६० हवी याचा अर्थ पाच पेपरांचे मिळून ३०० गुण हवेत. हातात आलेत ५८ अधिक ४९ अधिक ६७ अधिक ६१, म्हणजे २३५. उरले ६५. तेवढे शेवटच्या पेपरात हवेत.

याच हिशोबाची दुसरी तऱ्हा मला जास्त आवडते, कारण ती तोंडी होते आणि गुण कुठे सांडले हेही दाखवते. प्रत्येक पेपराच्या गुणांपुढे ६० पेक्षा किती कमी किंवा किती जास्त, एवढंच लिहायचं. ५८ म्हणजे उणे दोन. ४९ म्हणजे उणे अकरा. ६७ म्हणजे अधिक सात. ६१ म्हणजे अधिक एक. बेरीज उणे पाच. किराणा दुकानाच्या वहीत असते तशी ही उधारी आहे, आणि ती सगळी शेवटच्या पेपराच्या खात्यावर येते. त्याने स्वतःचे साठ तर आणायचेच, वर ही पाचाची उधारी फेडायची. ६५.

भाचीने वहीत ६५ लिहिले, त्यातून २४ वजा केले आणि ४१ भोवती गोल काढला. अडतीसचे एकेचाळीस झाले. तिला ते फार वाटलं नाही. मग मी तिची गुणपत्रिका मागितली आणि त्यातला क्रेडिटचा रकाना पाहिला.

क्रेडिट सगळ्या पेपरांना सारखे नव्हते. ५८ वाला पेपर ४ क्रेडिटचा, ४९ वालाही ४ चा, ६७ वाला ३ चा, ६१ वाला २ चा. आणि राहिलेला पेपर २ क्रेडिटचा. कॉलेजच्या नियमात स्पष्ट लिहिलं होतं की सत्राची सरासरी क्रेडिटच्या प्रमाणात काढली जाईल.

"म्हणजे काय होतं?" तिने विचारलं. मी समजावू लागलो आणि लक्षात आलं की हे तिच्या वडिलांकडून ऐकलं तर तिला जास्त पटेल. दाजी कांदा पिकवतात आणि लासलगावच्या लिलावात माल घेऊन जातात. त्यांना फोन लावला. म्हटलं, दाजी, समजा वीस क्विंटल कांदा १५०० ने गेला आणि पाच क्विंटल १९०० ने गेला, तर सरासरी भाव काय पडला? त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाले, "पंधराशे ऐंशीच्या आसपास." मी म्हटलं, १५०० आणि १९०० ची सरासरी तर १७०० येते. ते म्हणाले, "ट्रॅक्टरभर माल आन् पिकअपमधला माल सारखा कसा धरायचा? पैसे किती आले ते बघा, अन् क्विंटलनं भागा."

वीस गुणिले १५०० म्हणजे तीस हजार. पाच गुणिले १९०० म्हणजे साडेनऊ हजार. एकूण ३९,५०० रुपये, पंचवीस क्विंटलमागे. बरोबर १५८०.

क्रेडिट म्हणजे क्विंटल आणि गुण म्हणजे भाव, इतकं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सरळ होतं. चार क्रेडिटच्या पेपरात एक गुण गेला तर चार गेले. दोन क्रेडिटच्या पेपरात एक गुण मिळाला तर दोनच मिळाले. भाचीची अडचण अशी की तिचा माल स्वस्तात गेला तो ट्रॅक्टरवरचा, आणि आता भाव वाढवायला हातात उरला आहे तो पिकअपमधला.

तोच उणे-अधिकचा हिशोब आता क्रेडिटने गुणून मांडायचा. पहिला पेपर उणे दोन, गुणिले चार, म्हणजे उणे आठ. दुसरा उणे अकरा, गुणिले चार, म्हणजे उणे चव्वेचाळीस. तिसरा अधिक सात, गुणिले तीन, म्हणजे अधिक एकवीस. चौथा अधिक एक, गुणिले दोन, म्हणजे अधिक दोन. बेरीज उणे एकोणतीस.

ही एकोणतीसची उधारी दोन क्रेडिटच्या पेपराने फेडायची आहे. त्याचा एकेक गुण दोनाचं काम करतो, म्हणून २९ भागिले २, म्हणजे साडेचौदा. साठ अधिक साडेचौदा, ७४.५. अर्धा गुण मिळत नाही, म्हणून ७५. त्यातून अंतर्गतचे २४ गेले की लेखीत सत्तरपैकी ५१.

अडतीस, मग एकेचाळीस, आणि आता एक्कावन्न. मुलगी तीच, गुण तेच, परीक्षाही तीच. फरक फक्त हिशोबाचा. अडतीसच्या भरवशावर ती परीक्षेला बसली असती, तर चाळीस गुण मिळवून आनंदाने घरी आली असती आणि भरतीच्या यादीत नाव का नाही हे तिला कळलंच नसतं.

शेवटचा पेपर २ ऐवजी ४ क्रेडिटचा असता तर? एकोणतीस भागिले चार, सव्वासात. म्हणजे ६७.२५, पूर्ण करून ६८. उधारी तेवढीच, पण फेडणारा दांडगा, म्हणून प्रत्येक गुणावरचा भार कमी.

इथे एक सावधगिरी. पुष्कळ कॉलेजांत दोन क्रेडिटचा पेपर पन्नास गुणांचा आणि चार क्रेडिटचा शंभराचा असतो. तिथे क्रेडिटचं वजन गुणांतच मुरलेलं असतं. मिळालेले सगळे गुण आणि सगळे कमाल गुण यांची सरळ बेरीज करायची, बस. तिथे पुन्हा क्रेडिटने गुणलं तर एकच वजन दोनदा पडतं. ओळखायचं कसं? सगळे पेपर शंभराचे असून क्रेडिट वेगवेगळे असतील तर गुणा. कमाल गुणच क्रेडिटच्या प्रमाणात लहानमोठे असतील तर गुणू नका.

आता तो अर्धा गुण. ७४.५ आलं म्हणून ७४ धरायचे की ७५? शाळेत शिकवतात की अर्ध्याच्या खाली असेल तर सोडून द्या आणि अर्धा किंवा जास्त असेल तर वर न्या. इथे तो नियम वापरायचाच नाही. इथे नेहमी वर जायचं. उत्तर ७४.१ आलं असतं तरी ७५ च. कारण ७४ ने अट पूर्ण होत नाही, आणि अट पूर्ण करणारा सगळ्यात लहान पूर्ण आकडाच तर आपण शोधतो आहोत.

७४ मिळाले तर सरासरी किती होते तेही पाहू. क्रेडिटने गुणलेले पहिल्या चार पेपरांचे गुण २३२, १९६, २०१ आणि १२२, एकूण ७५१. त्यात ७४ दुणे १४८ मिळवले की ८९९. पंधरा क्रेडिटने भागले की ५९.९३. आता हे ५९.९३ म्हणजे साठ की साठ नाही? याचं उत्तर गणितात नाही, नियमात आहे. काही ठिकाणी सरासरी पूर्णांकात धरतात, तिथे हे साठ होतं. काही ठिकाणी दोन दशांश स्थळांपर्यंत जशीच्या तशी ठेवतात, तिथे होत नाही. भाचीने दुसऱ्या दिवशी परीक्षा विभागात जाऊन विचारलं. उत्तर मिळालं: दोन दशांश स्थळं, वर ओढणं नाही. म्हणजे ७५ च.

संगणकावर हिशोब करणाऱ्यांना ही जागा फसवते. एक्सेलच्या घरात दशांश दाखवायचे बंद केले असतील तर ५९.९३ तिथे ६० म्हणून दिसतं. आतला आकडा बदललेला नसतो, फक्त डोळ्यांना साठ दिसतात. दशांश दोन तरी उघडे ठेवा. ज्याला सूत्र हवं असेल त्याने बी रकान्यात गुण आणि सी रकान्यात क्रेडिट लिहावेत, दोन ते पाच ओळींत झालेले पेपर आणि सहाव्या ओळीत राहिलेला:

```
=ROUNDUP((60*SUM(C2:C6)-SUMPRODUCT(B2:B5,C2:C5))/C6,0)
```

भाचीचे आकडे घातले की ७५ येतात. साठच्या जागी आपली अट घालायची. क्रेडिट सगळीकडे सारखे असतील तर सी रकान्यात सगळीकडे १ लिहायचा.

सूत्र आपलं उत्तर देऊन मोकळं होतं, पण त्या उत्तराला दोन कुंपणं आहेत आणि ती सूत्राला माहीत नसतात. खालचं कुंपण उत्तीर्णतेचं. समजा एखाद्याचे आधीचे पेपर इतके चांगले गेले की शेवटच्या पेपरात फक्त वीस हवेत असं उत्तर आलं. वीस घेऊन चालणार नाही, कारण त्या पेपरातच तो नापास होईल आणि मग सरासरीला अर्थच राहणार नाही. भाचीच्या कॉलेजात लेखीत स्वतंत्रपणे ४० टक्के लागतात, म्हणजे सत्तरपैकी २८. तिथे खरी गरज म्हणजे हिशोबाने आलेला आकडा आणि उत्तीर्णतेचा आकडा यांतला मोठा. अंतर्गत आणि लेखी अशा दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागत असेल तर एकूण गुणांवर न थांबता लेखीपर्यंत उतरून पाहायचं.

वरचं कुंपण शंभराचं. गरज शंभराच्या पुढे गेली तर त्या पेपराच्या जोरावर अट पूर्ण होणं शक्य नाही, मग कितीही जागरण करा. पण शंभर हा आकडाही फसवा आहे. भाचीचे अंतर्गतचे २४ ठरून गेलेले आहेत, म्हणून तिला जास्तीत जास्त २४ अधिक ७०, म्हणजे ९४ च मिळू शकतात. गरज ९७ आली असती तर ती शंभराच्या आत दिसली असती आणि तरीही अशक्य असती.

म्हणून मी मुलांना गरज काढण्याच्या आधी शेवटचा पेपर सरासरीला कुठून कुठवर हलवू शकतो ते काढायला सांगतो. भाचीला लेखीत जेमतेम २८ मिळाले, म्हणजे पेपरात ५२, तर सरासरी ७५१ अधिक १०४ भागिले १५, म्हणजे बरोबर ५७. पैकीच्या पैकी मिळाले, म्हणजे ९४, तर ७५१ अधिक १८८ भागिले १५, म्हणजे ६२.६. सगळा खेळ ५७ ते ६२.६ एवढ्याच पट्ट्यातला. साठ त्या पट्ट्याच्या मधोमध बसतात, म्हणून तयारी करण्यात अर्थ आहे. अट ६५ ची असती तर त्या पेपरावर जीव टाकण्यापेक्षा दुसरी वाट शोधणं शहाणपणाचं होतं.

हा पट्टा पेपरांची संख्या वाढेल तसा अरुंद होत जातो. पूर्ण पदवीच्या सरासरीत हे फार बोचतं. समजा पदवीचे सारख्या वजनाचे तीस पेपर आहेत, एकोणतीस झाले, आणि त्यांची सरासरी ५९.५ आहे. घरात सगळे म्हणतात, अर्ध्या टक्क्याचा तर प्रश्न आहे. पण तो अर्धा टक्का एकोणतीस पेपरांवर पसरलेला आहे. अर्धा गुणिले एकोणतीस, साडेचौदा गुणांची उधारी. तिसाव्या पेपरात ७४.५, म्हणजे ७५ हवेत. आणि तो ५९.५ हा आकडा गुणपत्रिकेवरून घेतला असेल तर आणखी एक खड्डा आहे. छापताना तो एका दशांशापर्यंत आटोपला असेल तर खरी सरासरी ५९.४५ सुद्धा असू शकते. पाच शतांशांचा फरक एकोणतीसने गुणला की जवळजवळ दीड गुण होतात. तेवढ्याने ७५ चे ७६ होतात. म्हणून सरासरीपासून सुरुवात करायचीच नाही. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका पुढे घेऊन एकूण गुणांपासून करायची, मग त्याला अर्धा तास लागला तरी चालेल.

कटऑफ सीजीपीएमध्ये असेल तर हिशोबाची चाल तीच राहते, पण मध्ये एक पायरी येते. तिथे गुण सरळ मोजले जात नाहीत. आधी गुणांचे ग्रेड पॉइंट होतात आणि सरासरी पॉइंटची निघते. पॉइंट पायऱ्यांसारखे असतात. समजा कोष्टकात ४० ते ४९ ला ५ पॉइंट, ५० ते ५९ ला ६, ६० ते ६९ ला ७, ७० ते ७९ ला ८, ८० ते ८९ ला ९ आणि ९० पासून पुढे १० असं लिहिलं आहे. प्रत्येक संस्थेचं कोष्टक वेगळं असतं, आपलं पाहून घ्यावं. यात ६० आणि ६९ सारखेच आणि ६९ आणि ७० मध्ये मात्र पूर्ण एक पॉइंटचा फरक.

भाचीचेच गुण या कोष्टकात टाकले तर ५८ चे ६, ४९ चे ५, ६७ चे ७ आणि ६१ चे ७. क्रेडिटने गुणून बेरीज २४, २०, २१ आणि १४, एकूण ७९. अट ६.५ ची धरली तर पंधरा क्रेडिटना ९७.५ हवेत. उरले १८.५, दोन क्रेडिटने भागले की सव्वानऊ. सव्वानऊ पॉइंट मिळत नाहीत, म्हणून १०. म्हणजे शेवटच्या पेपरात ९० गुण.

आता दुसऱ्या पेपरात ४९ ऐवजी ५० असते तर? पाचाचे सहा पॉइंट होतात, चार क्रेडिटमुळे ७९ ची बेरीज ८३ होते. उरतात १४.५, भागिले दोन सव्वासात, म्हणून ८ पॉइंट. शेवटच्या पेपरात ७० गुण पुरतात. एका पेपरातल्या एका गुणाने दुसऱ्या पेपरातले वीस गुण वाचले. सीजीपीएच्या हिशोबात पायरीच्या काठावर अडकलेला पेपर आधी शोधावा तो यासाठीच.

दहावीच्या पालकांसाठीही थोडं लिहितो, कारण त्यांचा प्रश्न वेगळा असतो. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत सहा विषयांपैकी सर्वांत चांगल्या पाचांची टक्केवारी धरतात. तिथे शेवटचा पेपर सगळ्यांची उधारी फेडत नाही, सगळ्यांत कच्च्या विषयाची जागा घेतो. समजा पाच विषयांत अंदाजे ८२, ७४, ७९, ६८ आणि ७७ आहेत आणि ८० टक्के हवेत. पाचशेपैकी ४०० हवेत. ६८ बाजूला ठेवले तर बाकी चारांची बेरीज ३१२, म्हणून सहाव्यात ८८ हवेत. सहाही विषय धरून हिशोब केला असता तर ४८० वजा ३८०, म्हणजे शंभरपैकी शंभर मागितले असते, आणि पोरगं विनाकारण घाबरलं असतं. बोर्डाच्या परीक्षेत आधीचे गुण मात्र खरोखरचे नसतात, प्रश्नपत्रिका पाहून केलेला अंदाज असतो. चार विषयांत प्रत्येकी दोन गुण जास्त धरले गेले असतील तर ते आठही गुण शेवटच्या पेपराच्या डोक्यावर येतात, आणि ८८ चे ९६ होतात. म्हणून अंदाज करताना हात आखडता ठेवावा.

भाचीकडे परत येतो. लेखीत सत्तरपैकी एक्कावन्न तिला अवघड वाटत होते आणि ते खरंही होतं. दाजींना फोनवर हा सगळा हिशोब सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "भाव पाडला तो चार क्विंटलवाल्या पेपरानं ना? मग वजनकाटा त्याचा तपासा. दोन क्विंटलवाल्याच्या मागं काय लागता?"

मला हे सुचायला हवं होतं. उणे-अधिकच्या यादीत उणे चव्वेचाळीस सगळ्यांत मोठी खोट होती. त्या पेपरात एक गुण वाढला तर उधारी चाराने कमी होते, आणि शेवटच्या पेपरातली गरज दोन गुणांनी खाली येते. दोन गुण वाढले तर चार. उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्ससाठी अर्ज करायची मुदत शुक्रवारपर्यंत होती. गुरुवारी सकाळी ती सिटीलिंकची बस पकडून लवकर गेली आणि अर्ज देऊन आली.

आठवड्याने झेरॉक्स हातात आली. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसून एकेका पानावरचे गुण पहिल्या पानावरच्या रकान्यांशी जुळवत गेलो. तिसऱ्या प्रश्नाच्या एका उपप्रश्नाला आत २ गुण दिलेले होते आणि ते पुढच्या रकान्यात उतरवायचे राहून गेले होते. तपासणाऱ्याने उत्तर वाचलं होतं, गुणही दिले होते, फक्त बेरजेत आले नव्हते. तिने दुरुस्तीचा अर्ज केला आणि ४९ चे ५१ झाले.

उणे अकराचे उणे नऊ, चाराने गुणले की उणे छत्तीस. पूर्ण बेरीज उणे एकोणतीसची उणे एकवीस. भागिले दोन, साडेदहा. ७०.५, वर नेऊन ७१. वजा २४.

तिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर ५१ लिहिलेलं. तिने त्यावर काट मारली आणि खाली ४७ लिहिलं. पुनर्परीक्षेला तेव्हा अकरा दिवस होते.